गजराच्या घड्याळाची गोष्ट व्यासपीठावरून सांगताना

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मला आठ मिनिटे कथाकथन करायचे आहे. गोष्ट हॉस्टेलमधल्या मुलाची आणि त्याच्या गजराची आहे. तो रोज उठायचे ठरवतो आणि रोज हरतो. मित्रांना सांगून पाहिली, तर पहिल्या दोन प्रसंगांना ते हसले आणि नंतर गप्प झाले. शेवटही जमत नाही. गोष्टीत काय बदलू? आणि गजराचा आवाज मोबाइलवरून वाजवावा की तोंडाने काढावा?

उत्तर:

तुमचे मित्र दोन प्रसंगांनंतर गप्प झाले, कारण तिसरा प्रसंग त्यांना आधीच ठाऊक होता. मुलगा गजर लावतो, गजर वाजतो, मुलगा झोपून राहतो, हे तीन वेळा सांगितले तरी घडते एकदाच. कथाकथनाच्या तयारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या गोष्टींमध्ये हा दोष मला सर्वांत जास्त आढळतो आणि त्यावर उपाय एकच आहे. प्रत्येक हार मागच्या हारीवर केलेल्या उपायातून आली पाहिजे. मुलगा आळशी नको, तो कमालीचा प्रामाणिक आणि कष्टाळू हवा. आळशी मुलगा उठला नाही तर त्यात सांगण्यासारखे काहीच नाही. रात्री अकरा वाजता खुर्चीवर चढून घड्याळ कपाटावर ठेवणारा मुलगा मात्र सकाळी तीच खुर्ची चढून गजर बंद करतो आणि पुन्हा पांघरुणात शिरतो, तेव्हा सभागृह हसते, कारण त्याला त्याच्याच युक्तीने हरवलेले असते. घड्याळाने मात्र संपूर्ण गोष्टीत एकही चूक करू नये. घड्याळ बिघडले किंवा त्यातली बॅटरी संपली, की लढाई संपते आणि उरतो तो निव्वळ अपघात.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की मोबाइलचा गजर सोडा आणि किल्लीचे घड्याळ घ्या. माझा आग्रह जुन्या वस्तूच्या हौसेपोटी नाही. मोबाइलचा गजर काचेवर बोट फिरवून बंद होतो आणि बोटाची ती हालचाल पाचव्या रांगेतून दिसत नाही. किल्ली देण्याची क्रिया शेवटच्या रांगेलाही कळते. याहून महत्त्वाचे म्हणजे किल्लीच्या घड्याळाचे स्वतःचे काही नियम असतात आणि तुम्हाला न सापडणारा शेवट त्या नियमांतच दडलेला आहे.

असे घड्याळ चार दिवसांसाठी कुणाकडून तरी मागून आणा आणि ते हाताळा. त्याच्या पाठीवर दोन किल्ल्या असतात, एक वेळेची आणि दुसरी गजराची. दोघींच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या असतात, त्यामुळे घड्याळ व्यवस्थित चालत असूनही गजराची किल्ली द्यायची राहिली तर गजर वाजत नाही. गजराची स्प्रिंग साधारणपणे एका वाजण्यापुरती असते. गजर बंद न करता पूर्ण वाजू दिला, तर टोले हळूहळू मंद होत जातात, शेवटचे दोन-तीन टोले तुटक पडतात आणि घड्याळ गप्प होते. मग पुन्हा किल्ली दिल्याशिवाय ते वाजत नाही. दुसरा नियम असा, की तबकडी बारा तासांची असल्यामुळे या घड्याळाला सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नाही. साडेसहाला लावलेला गजर पुढे जे पहिले साडेसहा येतील तेव्हा वाजतो, मग बाहेर उजाडत असो की मावळत असो. तुमच्या गोष्टीला हे दोन नियम पुरेसे आहेत.

आता गोष्ट कोण सांगतो ते ठरवू. तुम्ही ती बहुधा ‘मी’ म्हणून, म्हणजे झोपणाऱ्या मुलाच्या तोंडून सांगत असाल. त्यात एक अडचण आहे. सर्वांत गमतीचे प्रसंग तो झोपलेला असतानाच घडतात, मग ते त्याला कसे माहीत? ‘हे मला नंतर कळले’ असे वाक्य एकदा चालते, दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला खटकते. गोष्ट त्याच्या रूम पार्टनरने सांगावी. तो जागा असतो, सर्व पाहतो, आणि शेवटी तोही याच लढाईत सापडला तर गोष्टीला आणखी एक पीळ मिळतो. मी गेल्या काही वर्षांत ज्या मुलांची तयारी करून घेतली, त्यांपैकी एकाबरोबर हीच गोष्ट बांधली होती. तिचा सांगाडा पुढे देतो. तो तसाच उचलू नका, पण त्यातला धागा कसा जातो ते पाहा.

पुण्यातले वसतिगृह, डिसेंबरचा शेवट. दिन्या आणि सांगणारा, दोघेही पहिल्या वर्षाला. मंगळवारी सकाळी आठ वाजता दोघांचीही प्रॅक्टिकल परीक्षा आहे. दिन्याचे मामा गावाहून येताना किल्लीचे घड्याळ घेऊन येतात आणि ते हातात देताना बजावतात: “हे बघ दिनकर, याला एक किल्ली दिली की हे एकदाच वाजतं. पुन्हा पुन्हा हाका मारायला ही तुझी आई नाही. आणि याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, ते तू बघायचंस.” शेवट ज्या दोन नियमांवर उभा राहणार आहे ते दोन्ही या तीन वाक्यांत येऊन गेले. मामांचे बोलणे म्हणून लोक हसतात आणि पुढे जातात, तेव्हा आपण काही लक्षात ठेवले आहे हे त्यांच्या ध्यानीही येत नाही. तयारीच्या पहिल्या दिवशी त्या मुलाने हीच माहिती सरळ निवेदनात घातली होती: ‘त्या घड्याळाचे वैशिष्ट्य असे होते की…’ असे वाक्य आले की सभागृहातला चतुर मुलगा सावध होतो आणि शेवट ओळखून बसतो. नियम पेरायचाच असेल तर तो कुणाच्या तरी तोंडी, विनोद म्हणून पेरावा आणि लगेच पुढच्या प्रसंगाकडे वळावे.

पहिली रात्र उशाजवळची. घड्याळ वाजते, पांघरुणातून एक हात बाहेर येतो, गजराची खिट्टी दाबतो आणि आत जातो. डोळे मिटलेलेच असतात. सांगणाऱ्याचे वाक्य होते: “दिन्या झोपलेला होता. फक्त त्याचा हात उठला होता.” या प्रसंगाला एक मिनिट पुरते.

दुसऱ्या रात्री घड्याळ कपाटावर जाते, कारण हात तिथपर्यंत पोहोचू नये. सकाळी दिन्या उठतो, खुर्ची ओढतो, तिच्यावर चढतो, खिट्टी दाबतो, उतरतो, खुर्ची पुन्हा टेबलाशी नीट लावतो आणि झोपतो. खुर्ची जागेवर लावण्याचा तपशील सोडू नका. त्या दिवशी सर्वांत मोठे हसू तिथेच आले होते, कारण झोपेतही शिस्त न सोडणारा मुलगा त्या एका कृतीतून पूर्ण उभा राहतो.

तिसऱ्या रात्रीचा उपाय असा, की घड्याळ इतके लांब आणि इतक्या मोठ्याने वाजावे की ते बंद करायला जाईपर्यंत झोप उडून जावी. दिन्या ते स्टीलच्या रिकाम्या बादलीत ठेवतो आणि बादली दाराबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवतो. सकाळी साडेसहाला अख्खा मजला जागा होतो. दारे उघडतात, कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी दात घासण्याचा ब्रश तोंडात धरून बाहेर येतो, आणि बादलीभोवती पंधरा मुले उभी असतात. सोळावा दिन्या आत घोरत असतो. पुढची घडामोड या प्रसंगातूनच निघते. सीनिअर मुले तह करतात: बादली बंद, व्हरांडा बंद, घड्याळ खोलीतच टेबलावर राहील, आणि रात्री दहानंतर त्या घड्याळाला हात लागलेला दिसला तर ते खिडकीबाहेर जाईल. या तहामुळेच दिन्या पुढे किल्ली रात्री न देता दुपारी देणार आहे. ऐकणाऱ्याला तह हा एक विनोद वाटतो, गोष्टीला मात्र तो पुढे नेतो.

सोमवारी दुपारी दोन वाजता दिन्या जेवून येतो. उद्या परीक्षा आहे, रात्री घड्याळाला हात लावता येणार नाही, म्हणून तो आत्ताच साडेसहाचा गजर लावतो, किल्ली पूर्ण भरतो आणि ‘जरा पडतो’ म्हणून आडवा होतो. सांगणारा अभ्यासिकेत निघून जातो. इथे एक क्षण थांबा. सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या लक्षात येते, उरलेल्यांच्या येत नाही, आणि ज्यांच्या लक्षात आले ते शेजाऱ्याला कोपर मारतात. ती कुजबुज तुम्हाला व्यासपीठावरून ऐकू येईल. ती येऊ द्या.

साडेसहाला घड्याळ वाजते आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिन्या पहिल्या टोल्याला उठून बसतो. तो जिंकलेला असतो. म्हणून तो गजर बंद करत नाही. टेबलासमोर उभा राहून, हात जोडून, तो शेवटच्या टोल्यापर्यंत ऐकतो. (त्या खोलीत तेव्हा कुणी नव्हते, तरी सांगणाऱ्याला हे माहीत असू शकते, कारण तासाभराने दिन्यानेच त्याला ते अभिमानाने सांगितले. तसे एक वाक्य आधी घालून घ्यावे.) मग तो अंघोळीला जातो. न्हाणीघरापुढे रांग नसते, तेव्हा त्याला वाटते, ‘बघा, लवकर उठण्याचे फायदे.’ मेसमध्ये पोळ्या लाटणे चाललेले असते, तेव्हा त्याला वाटते, ‘आज नाश्त्याला पोळी दिसते.’ रस्त्यावर माणसे दमलेल्या चेहऱ्याने उलट दिशेने येत असतात, तेव्हा त्याला वाटते, ‘रात्रपाळीवाले सुटले.’ अंगात पांढरा अ‍ॅप्रन, हातात जर्नल, असा तो सव्वासातला महाविद्यालयाच्या फाटकाशी पोहोचतो. रखवालदार विचारतो, “काय पाहिजे?” “आठची प्रॅक्टिकल.” “ती उद्या.” दिन्या मागे वळतो, तर अभ्यासिकेतून बाहेर पडलेला सांगणारा समोर उभा.

हा भाग रचताना आम्ही एक मोठी चूक केली होती. आधीच्या मसुद्यात गजर पाचचा होता. तालमीला बसलेली एक मुलगी लगेच म्हणाली, “पाचला तर ऊन असतं, त्याला कळणार नाही का?” तिचे बरोबर होते. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या थोडे नंतर मावळतो. त्यामुळे साडेसहा ही वेळ सकाळी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी येते आणि संध्याकाळी सूर्यास्तानंतर जवळजवळ अर्ध्या तासाने. दोन्ही वेळी तोच अंधूक उजेड आणि तीच थंडी असते. गजर पाचऐवजी साडेसहाचा केला आणि प्रसंग शंकेच्या पलीकडे गेला. मे महिन्यात ही गोष्ट घडवलीत तर संध्याकाळी साडेसहाला स्वच्छ उजेड असतो आणि सर्व कोसळते. तुमचे गाव वेगळे असेल तर तिथल्या सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ पंचांगात पाहून घ्या. विनोदी गोष्टीत अतिशयोक्ती चालते, पण ज्या खिळ्यावर गोष्ट टांगलेली आहे तो खिळा पक्का हवा.

बहुतेक मुले इथे, म्हणजे फाटकाशी, गोष्ट संपवतात. हसूही चांगले मिळते. पण लढाई घड्याळाशी आहे आणि घड्याळाने अजून शेवटचा डाव टाकलेला नाही. फाटकापासून पुढचा भाग दीड मिनिटाचा आहे आणि त्यासाठीच आधीची साडेसहा मिनिटे खर्च केलेली आहेत. दोघे हसत हसत खोलीवर येतात. दिन्या चार-साडेचार तास झोपलेला असतो, त्यामुळे त्याला झोप येत नाही, आणि तो पहाटे चारपर्यंत सांगणाऱ्याशी गप्पा मारत बसतो. दिवा मालवताना सांगणारा विचारतो, “किल्ली दिली आहेस ना?” दिन्या म्हणतो, “दुपारीच दिली.” दिन्या शंभर टक्के खरे बोललेला असतो. इथे कसलेही स्पष्टीकरण देऊ नका. मामांचे वाक्य ज्याला आठवते तो इथेच हसेल, बाकीच्यांना पुढच्या तीस सेकंदांत आठवेल.

आता आवाजाविषयी. मोबाइलवरून किंवा विंगेतल्या मित्राकडून आवाज वाजवू नका. मित्राचा हात एका क्षणाने चुकतोच, शिवाय खऱ्या आवाजाने सभागृह दचकते आणि दचकलेला माणूस लगेच हसत नाही. महाराष्ट्रात कथाकथनाचे कार्यक्रम ज्यांनी गावोगावी पोहोचवले, त्या व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या हाती माइकपुढे उभे राहून सांगण्यापलीकडे साधन नव्हते. आवाज तोंडानेच काढावा. जिभेचे टोक टाळूला लावून काढलेला लांब ‘ट्र्र्र्र’ सर्वांत जवळ जातो. तो काढताना तोंड माइकपासून वीतभर लांब न्या आणि मान किंचित वळवा, नाहीतर श्वास थेट माइकवर आदळून स्पीकरमधून नुसते फडफडणे ऐकू येते. घरी आरशासमोर हे जमले तरी सभागृहातल्या माइकवर एकदा करून पाहणे आवश्यक आहे.

खरी कला आवाज हुबेहूब काढण्यात नसून तो कमी करत नेण्यात आहे. पहिल्या सकाळी तो पूर्ण काढा, तीन-चार सेकंद. दुसऱ्या सकाळी अर्धाच काढा आणि लगेच खुर्चीकडे वळा. तिसऱ्या सकाळी बादलीचा आवाज वेगळा आहे, म्हणून दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून तो घुमवा. सोमवारी संध्याकाळी तो पुन्हा पूर्ण काढा आणि या वेळी शेवटाकडे मंद करत न्या: ट्र्र्र… ट्र्र… टण… टण… आणि थांबा. हे मंद होत जाणे सभागृहाने कानांनी ऐकलेले असले, की स्प्रिंग संपल्याचे तुम्हाला शब्दांत सांगावे लागत नाही. मंगळवारी सकाळी काय करायचे? हात वर करा, घड्याळाकडे बोट दाखवा, “साडेसहा वाजले” म्हणा, तोंड उघडा, आणि आवाज काढू नका.

ही शांतता किती धरायची ते तालमीत ठरवता येत नाही. स्नेहसंमेलनाच्या गर्दीत एक गोष्ट मात्र हमखास घडते, तिची तयारी ठेवा. मागच्या रांगेतून कुणीतरी स्वतःच ‘ट्र्र्र्र’ असा आवाज काढतो. चार वेळा ऐकून त्याला तो पाठ झालेला असतो आणि रिकामी जागा दिसल्याबरोबर तो ती भरतो. आमच्या मुलाच्या बाबतीत हेच झाले आणि पहिल्या प्रयोगात तो गडबडून पुढचे वाक्य विसरला. अशा वेळी वरचा हात तसाच ठेवा, त्या दिशेला पाहा, हळूच मान हलवा आणि म्हणा, “नाही. वाजलंच नाही.” सर्व सभागृह त्याच्यासह हसते आणि शेवट दुप्पट जोराने येतो. दुसऱ्या प्रयोगाला कुणी आवाज काढला नाही, तेव्हा हेच वाक्य शांततेतही तितकेच चालले. म्हणून ते संहितेतच लिहून ठेवा.

शेवटचे वाक्य कोणते, यावर आम्ही तीन दिवस घालवले. पहिल्या मसुद्यात सांगणारा झोपेतून उठून सांगत होता, की संध्याकाळी गजर पूर्ण वाजल्यामुळे स्प्रिंग संपली होती आणि म्हणून सकाळी तो वाजला नाही. माहिती अचूक होती, पण कुणी हसले नाही, कारण ज्याला समजले होते त्याला ते पुन्हा सांगितले गेले आणि ज्याला समजले नव्हते त्याला शिकवले गेले. मग आम्ही सर्व स्पष्टीकरण काढून टाकले आणि फक्त हाताची क्रिया ठेवली. साडेनऊला तोंडावर ऊन येते, सांगणारा उठतो, घड्याळ उचलतो, उलटे करतो आणि किल्लीला हात घालतो. “किल्ली फिरली. अजून फिरली. फिरतच राहिली.” किल्ली भरलेली असती तर ती फिरली नसती, एवढे सभागृहाला पुरते. व्यासपीठावर हातात काही नसताना दोन बोटांत किल्ली धरून ती सावकाश फिरवा आणि मोजून पाच-सहा वेढे द्या. तिसऱ्या वेढ्याला हसू सुरू होते आणि पाचव्याला सर्वांपर्यंत पोहोचते.

उठण्याची वेळ साडेनऊ ठेवण्यामागेही कारण आहे. गजराची वेळ होऊन थोडाच वेळ गेलेला असताना किल्ली दिली, तर अशी घड्याळे तेव्हाच्या तेव्हा वाजू लागतात. सात-सव्वासातला उठवलेत तर किल्लीच्या घड्याळाबरोबर वाढलेला एखादा प्राध्यापक कार्यक्रमानंतर तुम्हाला गाठून विचारील, की मग ते हातात वाजले कसे नाही. मागून आणलेल्या घड्याळावर हे करून पाहा म्हणजे किती वेळ गेल्यावर ते गप्प राहते ते समजेल.

वेळेचा हिशोब लिहितानाच करा. व्यासपीठावर सावकाश बोलताना मिनिटाला सुमारे 110 शब्द होतात आणि हसण्यात, थांबण्यात दीड मिनिट तरी जाते. म्हणजे आठ मिनिटांसाठी 700 शब्दांपलीकडे संहिता नको. आमची पहिली संहिता 1,100 शब्दांची होती. तिच्यातून मेसच्या जेवणावरचे विनोद गेले, रेक्टरांची नक्कल गेली आणि चौथी रात्रही गेली, ज्यात दिन्या घड्याळाला दोरी बांधून ती पायाच्या अंगठ्याला बांधत होता. तो प्रसंग स्वतंत्रपणे छान होता, पण त्यातून तहाकडे जाणारी वाट निघत नव्हती. एखादा प्रसंग ठेवायचा की काढायचा हे ठरवायचे असेल तर तो वगळून पुढची गोष्ट सांगून पाहा. काही अडले नाही तर तो प्रसंग काढा.

सांगताना हसू आले तर पुढचे वाक्य कधी सुरू करायचे, हे नवख्या मुलांना सर्वांत अवघड जाते. हसू पूर्ण विझेपर्यंत थांबलात तर गोष्ट थंड होते आणि ते चढत असताना बोललात तर शब्द वाया जातात. ते शिखरावरून उतरू लागले, की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द टाकावा, आणि तो शब्द बिनमहत्त्वाचा असावा, म्हणजे हरवला तरी चालेल. ‘तर मग’, ‘दुसऱ्या दिवशी’, ‘दिन्या म्हणाला’ अशा शब्दांचे काम तेच आहे. तुम्ही स्वतः मात्र हसू नका. सांगणारा पार्टनर हरलेला आहे आणि त्याची परीक्षा बुडालेली आहे. तो गंभीरच राहिला पाहिजे, विशेषतः किल्ली फिरवताना. डोळे घड्याळावर ठेवा, प्रेक्षकांवर नको. सहावा वेढा झाला की हात थांबवा, घड्याळ टेबलावर ठेवल्यासारखे करा, नमस्कार करा आणि ‘धन्यवाद’ न म्हणता माइकपासून दूर व्हा, कारण त्या क्षणी कोणताही शब्द उच्चारलात तर उठलेले हसू तिथेच तुटते.